क्लायंटकडे डेडलाइन वाढवून मागायचीय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फ्रीलान्स ट्रान्सलेशन करते, जास्त करून मशिनरीची मॅन्युअल्स. त्यामुळे खालची उदाहरणं त्याच कामातली आहेत. तुम्ही डिझाइन करत असाल किंवा कोडिंग, तर शब्दांच्या जागी स्क्रीन, पानं, मॉड्यूल जे काही मोजता ते धरा, हिशोब तोच राहतो. एकट्याने काम करणाऱ्यांसाठी लिहिलंय, मोठ्या टीमचं गणित वेगळं असतं.

डेडलाइन वाढवून मागितली की क्लायंटला वाटणारच ना, की हिला काम जमत नाही?

वाटू शकतं, पण ते कशावरून वाटतं ते बघा. तुमच्या तारखेच्या मागे क्लायंटने त्याच्या तारखा लावलेल्या असतात. तुमची फाइल आली की डीटीपीवाला बसणार, मग कुणीतरी प्रूफ बघणार, मग छपाई. तुम्ही उशीर होणार हे दोन आठवडे आधी सांगितलंत तर त्याला एकदोन फोन करून ही साखळी पुढे सरकवता येते, आणि त्याचा त्रास तेवढ्यावरच संपतो. तेच आदल्या रात्री कळलं तर साखळीतला प्रत्येक माणूस रिकामा बसतो आणि त्याला वर कुणालातरी उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे त्याच्या डोक्यात तुमच्याबद्दल जे मत तयार होतं ते मुख्यतः तीन गोष्टींवरून: तुम्ही किती आधी सांगितलं, नवीन तारीख कुठून काढली, आणि ती तारीख परत हलली का.

अंदाज चुकणं ही काही तुमची एकटीची भानगड नाही. 1994 मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. सरासरी अंदाज आला साधारण 34 दिवसांचा आणि प्रत्यक्षात लागले सरासरी 55 च्या वर. स्वतः सांगितलेल्या वेळेत पूर्ण केलेले होते फक्त 30 टक्क्यांच्या आसपास. आणि हे लोक स्वतःच्याच कामाबद्दल सांगत होते. ज्या क्लायंटने चारपाच प्रोजेक्ट करून घेतलेत त्याला हे अनुभवाने माहीत असतं, त्यामुळे तारीख हलली म्हणून तो लगेच फाइल बंद करत नाही.

सांगायचं कधी? खात्री झाल्यावर की शंका आल्यावर?

हिशोब सांगेल तेव्हा. आपण बहुतेक जण "अजून किती दिवस आहेत" हे बघत बसतो आणि तो आकडा शेवटच्या आठवड्यापर्यंत बरा दिसतो. बघायचं असतं ते हे, की आत्तापर्यंत रोज किती काम खरंच बाहेर पडलं. मी साधारण एक तृतीयांश वेळ गेल्यावर एकदा बसून मोजते. त्याआधी मोजून फारसा उपयोग नसतो, कारण पहिले दोनतीन दिवस शब्द ठरवण्यात आणि फाइल समजून घेण्यात जातात.

मोजल्यावर शेवट ठरलेल्या तारखेच्या पलीकडे जात असेल, एक दिवस का होईना, तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी मेल टाकते. इथे मन एक पळवाट काढतं, "पुढे स्पीड वाढेल". वाढतो थोडा, खोटं नाही, टर्म्स बसलेल्या असतात, हात सरावलेला असतो, पण जेवढं तिथे वाचतं तेवढं शेवटी क्लायंटला विचारलेल्या शंकांची उत्तरं येण्यात आणि ती सगळीकडे घालण्यात जातं. मी तो वाढीव स्पीड हिशोबात धरायचा बंद केलाय.

फार लवकरही नको हं. काम घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी जास्त वेळ मागितला तर समोरच्याला वाटतं की कोटेशन देताना फाइल उघडूनच बघितली नव्हती. अपवाद एकच, आधी दाखवलेली फाइल आणि प्रत्यक्ष आलेली फाइल वेगळी असेल तर त्याच दिवशी सांगा, तिथे थांबणं चूक.

मी एकदा आदल्या दिवशी संध्याकाळी 7 वाजता सांगितलं होतं. मला चार दिवस आधीच कळलं होतं, पण रात्री जागून उरकेन असं वाटत राहिलं. त्या क्लायंटने दुसऱ्या दिवशी सकाळपासून डीटीपीवाल्याला बसवायचं ठरवलं होतं. तो काहीच बोलला नाही, "ठीक आहे, झालं की पाठवा" एवढंच लिहिलं. पेमेंटही वेळेवर आलं. नंतर काम मात्र आलं नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

किती दिवस मागायचे? कमी मागितले तर पटकन हो म्हणतील ना?

म्हणतील, आणि मग परत मागावे लागतील, ते सगळ्यात वाईट. जरा सविस्तर एक केस सांगते, नुकत्याच झालेल्या कामासारखीच आहे, आकडे सोपे केलेत.

मॅन्युअल 36,000 शब्दांचं, 10 चॅप्टर. माझा नेहमीचा वेग दिवसाला 2,400 शब्द, म्हणजे ट्रान्सलेशनला 15 दिवस, सगळं परत वाचून तपासायला 3 दिवस, आणि 2 दिवस मोकळे ठेवलेले. एकूण 20 कामाचे दिवस. काम सुरू सोमवारी 3 तारखेला, डेडलाइन शुक्रवार 28.

आठव्या दिवशी, म्हणजे बुधवारी 12 तारखेला संध्याकाळी मोजलं. (एक तृतीयांशला मोजते म्हणाले खरी, पण इथे सहाव्या दिवशी नवीन फाइल आल्यामुळे दोन दिवस थांबले.) प्लॅनप्रमाणे 19,200 शब्द व्हायला हवे होते, झाले होते 15,200. म्हणजे दिवसाला 1,900. कारण सापडलं ते असं, की या मॅन्युअलमध्ये सेफ्टीची टेबल्स खूप होती, छोटी छोटी वाक्यं, प्रत्येकात एखादी टर्म, आणि त्या टर्म्स क्लायंटकडून मंजूर करून घ्यायच्या होत्या. शब्दसंख्या कमी दिसते पण वेळ खाते. हे मला फाइल नीट बघितली असती तर आधी दिसलं असतं. वर सहाव्या दिवशी क्लायंटने चॅप्टर 4 ची सुधारित फाइल पाठवली होती, त्यात 2,600 शब्दांचं काम वाढलं होतं.

आता उरलेलं काम: 36,000 मधून 15,200 गेले, राहिले 20,800. त्यात 2,600 मिळवले की 23,400. दिवसाला 1,900 ने भागलं की 12.3, म्हणजे 13 दिवस धरायचे. तपासणीचे 3 दिवस. एकूण 16. आठवा दिवस संपलाय, म्हणून शेवट चोविसाव्या दिवशी, डेडलाइन विसाव्या. चार दिवस कमी पडतायत.

इथे 2,400 चा जुना वेग धरायचा मोह होतो, तो धरला तर तेच 23,400 शब्द 10 दिवसांत बसतात आणि एका दिवसाची वाढ पुरेशी वाटते. पण या फाइलवर 2,400 चा वेग एकाही दिवशी निघाला नव्हता. जो वेग दिसलाय तोच धरायचा.

मग मी चार मागितले का? नाही, सहा मागितले. मोकळे ठेवलेले 2 दिवस खर्च झाले होते, ते परत भरून घेतले. चार दिवसांची गरज असताना चारच मागणं म्हणजे आजपासून शेवटपर्यंत काहीही होणार नाही असं गृहीत धरणं, एक दिवस ताप आला की गेलं. उलट टोकाला जाऊन दहाही मागू नका, दहा मागून सहाव्या दिवशी दिलंत तर क्लायंट खूश होत नाही, पुढच्या वेळी तुमच्या प्रत्येक तारखेतून मनातल्या मनात चार दिवस कापतो.

सव्विसावा दिवस येत होता सोमवारी 7 तारखेला. शुक्रवारी देते असंही म्हणता आलं असतं, पण शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेली फाइल तशीही सोमवारीच उघडली जाते, मग तो शनिवार-रविवार आपल्या हाताशी असलेला बरा. मात्र तुमच्या क्लायंटकडे शनिवारी काम चालत असेल तर हे लागू नाही.

मेलमध्ये नेमकं काय लिहायचं?

वरच्याच केसचा मेल देते.

"विषय: मॅन्युअलची डिलिव्हरी 28 ऐवजी 7 तारखेला

नमस्कार,
पूर्ण मॅन्युअल 28 तारखेला द्यायचं ठरलं होतं, ते माझ्याकडून 28 ला पूर्ण होणार नाही. मला सोमवार 7 तारीख, दुपारी 3 पर्यंतची वेळ हवी आहे.

काल संध्याकाळपर्यंत 36,000 पैकी 15,200 शब्द झाले आहेत. सेफ्टी टेबल्सना किती वेळ लागेल याचा माझा अंदाज कमी पडला, शिवाय चॅप्टर 4 च्या नवीन फाइलमुळे 2,600 शब्द वाढले आहेत. हे दोन्ही धरून नवीन तारीख काढली आहे.

तुमचं डीटीपी थांबू नये म्हणून चॅप्टर 1 ते 5 पूर्ण तपासून सोमवारी 24 तारखेलाच देते. 6 ते 10 चॅप्टर 7 तारखेला.

यामुळे पुढच्या कामात कुठे अडचण येत असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवाल का? चॅप्टरचा क्रम बदलायचा असेल तर तो आत्ता बदलता येईल. तारीख हलवावी लागतेय याबद्दल सॉरी."

बस, एवढाच. यात वाईट बातमी पहिल्याच वाक्यात आहे आणि विषयातही आहे, कारण क्लायंट मेल मोबाइलवर चालता चालता बघतो, आणि तिसऱ्या परिच्छेदात दडवलेली तारीख त्याला दिसली नाही तर तो 28 च धरून बसेल. मग तुम्ही सांगूनही न सांगितल्यासारखं.

झालेल्या कामाचा आकडा दिलाय. "काम चांगलं चाललंय" याने काही कळत नाही, 15,200 ने कळतं की ही बाई मोजतेय. खरंतर तुम्ही अनप्रिपेअर्ड वाटाल की नाही हे या एका आकड्यावर बरंच ठरतं, कारण ज्याने काम सुरूच केलेलं नाही त्याला तो आकडा देता येत नाही.

आणि शेवटी त्याला विचारलेला प्रश्न नेमका आहे, उत्तर द्यायची वेळही आहे. "चालेल का?" एवढंच विचारलं की तो "बघतो" म्हणतो आणि तुम्ही चार दिवस लटकता.

जे मेल मी स्वतः पूर्वी लिहायचे आणि आता दुसऱ्यांचे येतात तेव्हा ओळखते, ते साधारण असे असतात: "थोडा उशीर होऊ शकतो, पण लवकरात लवकर द्यायचा प्रयत्न करते." यात थोडा म्हणजे किती, होऊ शकतो म्हणजे होणार की नाही, आणि प्रयत्न फसला तर काय, काहीच नाही. लिहिणारीला वाटतं आपण नम्रपणे सांगितलं, वाचणाऱ्याला वाटतं हिलाच माहीत नाही.

कारण किती खोलात सांगायचं?

एक किंवा दोन वाक्यं. नवीन तारीख का पटावी एवढ्यापुरतं कारण लागतं, त्याच्या पलीकडचं सगळं सफाई दिल्यासारखं वाचलं जातं. आजारपण असेल तर "तब्येतीमुळे तीन दिवस काम बंद होतं" पुरे, रिपोर्ट जोडायची गरज नाही. घरातलं काही असेल तर "घरगुती अडचण" म्हटलं तरी चालतं, सभ्य माणूस पुढे विचारत नाही.

खोटं कारण देऊ नका, आणि हे मी नीतीच्या गप्पा म्हणून सांगत नाहीये. खोटं कारण लक्षात ठेवावं लागतं. लॅपटॉप बिघडला म्हणालात तर पुढच्या कॉलला "झाला का दुरुस्त?" येणारच, आणि त्याच आठवड्यात तुम्ही दुसऱ्या क्लायंटचं काम कुठे ऑनलाइन टाकलंत तर संपलं. दुसरं काम अंगावर आल्यामुळे उशीर होतोय, ही परिस्थिती सगळ्यात अवघड. तिथे मी कारण न देता फक्त हिशोब देते, "माझं वेळेचं नियोजन चुकलं, उरलेल्या कामाला इतके दिवस लागतील". "दुसऱ्या क्लायंटचं अर्जंट होतं" हे वाक्य खरं असलं तरी त्याचा ऐकणाऱ्याला एकच अर्थ लागतो, की तुमचं अर्जंट नव्हतं.

उशीर क्लायंटमुळेच झाला असेल तर? सगळं आपण का अंगावर घ्यायचं?

घेऊ नका, पण हिशोबाने वाटा. वरच्या केसमध्ये 2,600 शब्दांना 1,900 च्या वेगाने जवळपास दीड दिवस लागतो. काम प्लॅनपेक्षा सहा दिवसांनी लांबलं होतं, अठराव्यावरून चोविसाव्या दिवसावर. म्हणजे दीड दिवस त्यांचा आणि उरलेले साडेचार माझे. मी जर "तुम्ही फाइल बदलली म्हणून उशीर होतोय" एवढंच लिहिलं असतं तर समोरच्याने दोन मिनिटांत भागाकार करून विचारलं असतं की 2,600 शब्दांना सहा दिवस?

पूर्ण उशीर त्यांचाच असेल, उदाहरणार्थ मंजूर टर्म्स पाठवायला त्यांनी पाच दिवस लावले, तर ते उशीर झाल्यावर उकरून काढायचं नाही. तो उशीर होत असतानाच सांगत जायचं: "टर्म्स मंगळवारपर्यंत मिळाल्या तर 28 कायम राहते, त्यानंतर जितके दिवस जातील तितकी तारीख पुढे जाईल." म्हणजे तारीख हलते तेव्हा ती कुणालाच नवीन नसते. बऱ्याच जणांना हे लिहायला धमकी दिल्यासारखं वाटतं. मला उलट वाटतं, न सांगता मनात दिवस मोजत बसणं जास्त वाईट.

सुधारित फाइल आली त्याच दिवशी मी "मिळाली, 2,600 शब्द वाढतायत, तारखेवर परिणाम होईल का ते दोन दिवसांत कळवते" असं एका ओळीत लिहिलं होतं. त्यामुळे 13 तारखेच्या मेलमध्ये त्याचा उल्लेख बहाणा वाटला नाही.

फोन करू की मेल?

जुना क्लायंट असेल किंवा वेळ कमी उरली असेल तर आधी फोन, लगेच मागून मेल. नवीन असेल तर आधी मेल. फक्त फोनवर ठरवून सोडू नका, महिन्याने तुम्हाला 7 आठवेल आणि त्याला 4. व्हॉट्सअ‍ॅपवर हो आलं असेल तरी मेलवर एक ओळ टाकून ठेवा. काँट्रॅक्ट सही केलेलं असेल तर विचारायच्या आधी ते एकदा उघडून बघा, उशिरासाठी दिवसाला काही टक्के कापायची अट किंवा बदल लेखीच असावा अशी अट असू शकते, आणि ती असेल तर मॅनेजरच्या तोंडी "चालेल" ला फारसा अर्थ राहत नाही.

क्लायंट नाहीच म्हणाला तर?

आधी हे शोधा की नेमकं काय हलू शकत नाही. बऱ्याचदा 28 ही तारीख संपूर्ण मॅन्युअलसाठी नसतेच, मशीन बसवायला माणसं जाणार असतात आणि त्यांना इन्स्टॉलेशन व सेफ्टीचे चॅप्टर हवे असतात, मेंटेनन्सचे चॅप्टर महिनाभर कुणी उघडणार नसतं. म्हणून मी विचारते, "28 ला हे कोण वापरणार आहे आणि त्यातलं काय?" हा प्रश्न खरंतर काम घेतानाच विचारायला हवा, पण उशिरा विचारला तरी निम्म्या वेळा वाट निघते.

नाही निघाली, तर तीन गोष्टींपैकी काहीतरी द्यावं लागतं. काम कमी करायचं, म्हणजे काही चॅप्टर नंतर. किंवा तपासणी कमी करायची. किंवा दुसरा माणूस घ्यायचा. यातलं तपासणीचं मी सेफ्टीच्या मजकुरात कधीच मान्य करत नाही, इशाऱ्यातला एक "नका" सुटला तर कुणाचा तरी हात जाऊ शकतो. दुसरा माणूस घेणं ऐकायला सोपं वाटतं, पण त्याला टर्म्स समजावण्यात एकदोन दिवस तुमचेच जातात आणि शेवटी दोघांची भाषा एकसारखी करायची तपासणी वाढते. 13 दिवसांचं काम दोघांत साडेसहा दिवसांत होत नाही, फार तर नऊदहा होतात. डेडलाइनला तीनचार दिवस उरले असताना तर हा पर्याय नाहीच. शिवाय फाइल गोपनीय असेल तर दुसऱ्याला दाखवायच्या आधी क्लायंटची परवानगी लागते, हे विसरून लोक अडचणीत येतात.

अर्धं काम आधी द्यायचं म्हणता, त्यात काही लोचा?

आहे ना. एकदा चॅप्टर 1 ते 5 डीटीपीला गेले की त्यातले शब्द गोठले. मग चॅप्टर 8 करताना लक्षात आलं की चॅप्टर 2 मधल्या एका टर्मला वेगळा शब्द हवा होता, तर आता ती माझ्या फाइलमध्ये बदलून भागत नाही, डीटीपीच्या फाइलमध्ये पन्नास जागी बदलावी लागते आणि ते काम फुकट होत नाही. म्हणून पहिला हप्ता देण्याआधी मी संपूर्ण मॅन्युअलमधल्या टर्म्सची यादी काढून क्लायंटकडून मंजूर करून घेते, अजून ट्रान्सलेट न केलेल्या चॅप्टरमधल्यासुद्धा. यात अर्धा दिवस जातो. आणि बदललेला चॅप्टर 4 पहिल्याच हप्त्यात घ्यायचा, तो मागे ठेवला की त्यात अजून एक सुधारणा येते, हा माझा अनुभव.

डिझाइनवाल्यांनी आणि कोडवाल्यांनी हे आपापल्या कामाला लावून बघा. जो भाग पुढच्या भागांमुळे परत बदलणार आहे तो आधी देऊ नका. अर्धवट, न तपासलेला भाग "प्रगती दिसावी" म्हणून पाठवणं तर अजिबात नको, त्यातल्या चुका बघून क्लायंटला जी धडकी भरते ती नवीन तारीख बघून भरली नसती.

डेडलाइन उद्यावर आलीय आणि मी अजून काहीच बोललो नाहीये. आता?

आत्ता फोन करा, हे पुढचं वाचायच्या आधी केला तरी चालेल. वेळ उशिराची आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, निदान मेसेज टाका म्हणजे सकाळी तो उठल्या उठल्या आपली माणसं हलवू शकेल. "मला हे आधी सांगायला हवं होतं" असं एकदा स्पष्ट म्हणा आणि तिथेच थांबा, दहा वेळा माफी मागितली की समोरच्याला तुमचीच समजूत काढत बसावं लागतं. उद्या जे तपासून देता येईल तेवढं द्या. नवीन तारीख मात्र पॅनिकमध्ये "परवा" अशी फेकू नका, पंधरा मिनिटं बसून वरचा भागाकार करा आणि मग सांगा.

दुसऱ्यांदा वाढवून मागावी लागली तर?

तेव्हा नुसत्या मेलवर भागत नाही, फोन लागतो, आणि या वेळी पहिला हिशोब कुठे चुकला ते सांगावं लागतं, कारण क्लायंट आता कामावर नाही तर तुमच्या आकड्यांवर शंका घेतोय. सोबत काहीतरी हातात ठेवा, म्हणजे झालेलं सगळं काम त्याच दिवशी पाठवून द्या, तो हवं तर दुसऱ्याकडून पूर्ण करून घेऊ शकेल असं. हे द्यायला जीवावर येतं, कबूल. पण ज्यांनी असं केलं त्यांच्याकडून काम काढून घेतल्याचं मी फार कमी वेळा बघितलंय. तिसऱ्यांदाचं विचारू नका, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

उशिराबद्दल डिस्काउंट द्यायचा का?

स्वतःहून पहिल्याच मेलमध्ये नको. पैसे कमी करतो म्हटलं की तुम्ही स्वतःच मोठा अपराध जाहीर केल्यासारखं होतं, आणि क्लायंटला वेळ हवा असतो, पैसे नव्हे. त्याचं खरंच नुकसान झालं असेल, डीटीपीवाल्याचा दिवस वाया गेला वगैरे, तर तेवढं भरून द्यायची तयारी दाखवा. वाढीव 2,600 शब्दांचं बिल मात्र लावा. उशीर माझा आणि वाढीव काम त्यांचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लाजेखातर त्या एकात मिसळल्या की पुढच्या प्रत्येक कामात फुकट बदल करावे लागतात.

हो मिळालं. आता शांतपणे काम करू ना?

करा, पण गायब होऊ नका. एकदा तारीख हलली की समोरचा थोडा धास्तावलेला असतो, तो विचारेल त्याआधी आपणच आठवड्यातून एकदा दोन ओळी टाकायच्या: "आज 27,500 झाले, 24 चा हप्ता वेळेवर, 7 कायम." नुसता आकडा आणि तारीख, बाकी काही नाही. आणि 24 चा हप्ता 24 लाच, जमलं तर दुपारच्या आत. वरच्या केसमध्ये शेवटची फाइल मी 4 तारखेला, शुक्रवारीच पाठवली, भरून घेतलेल्या दोन दिवसांपैकी एक उरला होता. क्लायंटने ती उघडली सोमवारी सकाळी साडेदहाला.